बेस एकापेक्षा लहान असला की चिन्ह नेमकं किती वेळा फिरवायचं?

चोपडेकर_मावशी

मंडळी, भाची बारावी सायन्सला आहे, शिकायला माझ्याकडे जळगावात असते. गणित माझाही विषय होता, पण त्यानंतर सगळा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. क्लासमध्ये पोरांकडून एक वाक्य घोटून घेतलंय: "बेस शून्य आणि एकाच्या मधे असला की चिन्ह फिरवा." त्या वाक्याच्या भरवशावर तिने दोन गणितं सोडवली आणि दोन्हींची उत्तरं पुस्तकाशी जुळेनात.

पहिलं: 6 लाखांचा ट्रॅक्टर, दर वर्षी उरलेल्या किमतीवर 15 टक्के घसारा. किंमत 2 लाखांच्या खाली कधी जाईल? म्हणजे (0.85)^n < 1/3. हिचं उत्तर n < 6.76.

दुसरं: log_0.5(x² − 5x + 6) ≥ −1. हिचं उत्तर 1 ते 4. पुस्तकात त्यातला मधला तुकडा गायब आहे.

दोन्हीकडे तिने चिन्ह फिरवलंय, हे महत्त्वाचं. विसरली असती तर मीच सांगितलं असतं. "मावशी, मी नियम पाळला, पुस्तक चुकलंय" असं ठणकावून सांगतेय. तिला पटेल असं कारण द्या.

भरीत_पंथी

सहा लाखांत ट्रॅक्टर? शोरूमचा पत्ता द्या, गणित नंतर बघू.

लास्ट_बेंच_साक्री

मावशी, इतलं सोपं शे ते. अपूर्णांकाचा लॉग निगेटिव्ह असतो. निगेटिव्हने भागलं की चिन्ह फिरतं, हे शाळेतच शिकवतात. म्हणून बेस एकापेक्षा लहान असला की फिरवायचं. बाकी काही नाही त्यात.

रावेरचा_केळीवाला

बरं झालं हा विषय निघाला. माझ्याकडे पाच वर्षं जुना ट्रॅक्टर आहे. नवा घ्यायला गेलो तर शोरूमवाला जुन्याचे निम्मेही द्यायला तयार नाही. 15 टक्क्यांच्या हिशेबाने किती यायला पाहिजेत? कोणी जाणकार असेल तर सांगा, उद्याच जायचंय.

जमाखर्च

@रावेरचा_केळीवाला, भाऊ, 15 टक्के हा आयकरात यंत्रसामग्रीला घटत्या शिलकीवर धरायचा दर आहे. तो वहीतला आकडा. बाजार त्याला बांधील नाही. 0.85 चा पाचवा घात साधारण 0.44 येतो, म्हणजे वहीतसुद्धा निम्म्याच्या खालीच. शोरूमवाल्याशी या मुद्द्यावर भांडू नका, हराल.

मावशी, तुमच्या भाचीला लॉग वगैरे बाजूला ठेवून आधी वही मांडायला सांगा. वर्षअखेरची शिल्लक लाखांत अशी उतरते: 5.10, 4.34, 3.68, 3.13, 2.66, 2.26, 1.92. सातव्या वर्षाच्या अखेरीला दोनच्या खाली. n < 6.76 खरं असेल तर पहिल्याच वर्षी ट्रॅक्टर दोन लाखांच्या खाली गेला पाहिजे. तो तर 5.10 ला उभा आहे. आता सांगा, पुस्तक चुकलं की कोण?

चोपडेकर_मावशी

वही दाखवली. "हो, पण मग नियम खोटा का?" हा पुढचा प्रश्न लगेच आला. @लास्ट_बेंच_साक्री, तुमचं कारणही वाचून दाखवलं. ती म्हणते, "मीही तेच केलं. बेस 0.85 म्हणून एकदा फिरवलं, निगेटिव्हने भागलं म्हणून पुन्हा फिरवलं."

अमळनेरचे_मास्तर

मावशींनी शेवटच्या ओळीत सगळं सांगून टाकलं. दोनदा फिरवलं की चिन्ह होतं तिथेच परत येतं. तिने नियम पाळला, पण एकच कारण दोन नावांनी दोनदा मोजलं.

सविस्तर लिहितो, कारण हे दरवर्षी होतं. मी निवृत्त आहे, वेळ आहे.

(0.85)^n < 1/3 मधून n मोकळा करायचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता, दोन्ही बाजूंचा दहाच्या बेसचा लॉग घ्या. दहाचा बेस एकापेक्षा मोठा, त्यामुळे लहान संख्येचा लॉग लहान आणि मोठीचा मोठा. चिन्हाला हात लावायचा नाही. मिळतं n·log 0.85 < log(1/3). आकड्यांत, n × (−0.0706) < −0.4771. आता −0.0706 ने भागा. भागणारा ऋण, म्हणून इथे चिन्ह फिरलं, n > 6.76. संपलं.

दुसरा रस्ता, लॉग 0.85 च्याच बेसचा घ्या. हा लॉग क्रम उलटा करतो, त्यामुळे लॉग घेताक्षणी चिन्ह फिरलं: n > log_0.85(1/3). उजव्या बाजूला आता नुसती एक संख्या आहे. ती काढायला तुम्ही log(1/3) ला log 0.85 ने भागाल, पण तो हिशेब उजव्या बाजूच्या आतला. असमानता त्यात कुठेच नाही, तेव्हा चिन्ह फिरवायचा प्रश्नच येत नाही. पुन्हा 6.76.

भाचीने लॉग घेतला दहाचा आणि चिन्ह फिरवलं 0.85 चं. क्लासच्या वाक्यात "बेस" म्हटलंय, पण कशाचा बेस ते म्हटलेलं नाही. जो लॉग तुम्ही प्रत्यक्ष घेताय त्याचा बेस बघायचा. डाव्या बाजूला घाताखाली कोण बसलंय ते त्या वेळी बघायचं नाही.

आणखी एक. बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल असतं. टेबलातून log 0.85 काढला की कागदावर येतं "बार एक पॉइंट 9294". ऋण चिन्ह फक्त त्या एकाच्या डोक्यावर आडवं असतं, 9294 धनच. पोरं ते 1.9294 सारखं वाचतात आणि भागताना ही संख्या ऋण आहे हे लक्षातच येत नाही. या बाजूने गेलेली पोरं एकदाही फिरवत नाहीत. गंमत म्हणजे त्यांचंही उत्तर n च्या त्याच चुकीच्या बाजूला जातं. म्हणून भागण्याआधी बारवाली संख्या साधी करून घ्यावी: −1 + 0.9294 = −0.0706.

लास्ट_बेंच_साक्री

म्हणजे मी बरोबरच होतो की सर. निगेटिव्हने भागलं म्हणून फिरलं.

अमळनेरचे_मास्तर

पहिल्या रस्त्यावर बरोबर. पण तुम्ही ते सगळीकडे लावलंत. log_0.5(0.25) किती? 2. धन आहे. log_0.5(0.5) म्हणजे 1, तोही धन. आता 0.25 < 0.5 आणि त्यांचे लॉग 2 > 1. कुठेच काही ऋण नाही, कुणी कुणाला भागलेलं नाही, तरी चिन्ह फिरलं. लॉग ऋण आहे की धन यावर ते ठरत नाही. 0.5 चा घात वाढवत गेलं की किंमत घटते, एवढ्यावर ठरतं: घात −2, −1, 0, 1, 2 आणि किमती 4, 2, 1, 0.5, 0.25.

लास्ट_बेंच_साक्री

पण log_0.5 ला दहाच्या बेसमध्ये लिहिलं तर खाली log 0.5 येतोच ना? तो निगेटिव्ह आहेच. 😏

अमळनेरचे_मास्तर

येतो. ते मान्य. मग असं म्हणा की "दहाच्या बेसमध्ये आणलं तर कारण ऋण छेदाचं दिसतं". फक्त "अपूर्णांकाचा लॉग ऋण असतो" एवढंच वाक्य पोरांना देऊ नका. 0.5 च्या बेसला अपूर्णांकाचा लॉग धन असतो.

विहीर_यावल

मास्तर, आमच्याकडे हे शेतात रोज चालतं. "पाणी कितीवर आहे?" "चाळीस फुटांवर." पुढच्या उन्हाळ्यात "साठ फुटांवर". आकडा वाढला, पाणी कमी झालं. दोन विहिरींची तुलना करताना कुणीही मनातल्या मनात चिन्ह फिरवतो आणि एकदाच फिरवतो. दोनदा फिरवणारा माणूस कोरड्या विहिरीवर मोटर टाकेल.

भरीत_पंथी

यावल म्हणताच बामणोदची वांगी आठवली. हिरवी, पांढरट पट्ट्यांची. काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही. कुणाकडे या आठवड्यात आली असतील तर सांगा.

विहीर_यावल

थंडी पडू द्या भो. आत्ताच्या वांग्यात बी जास्त.

माती_नमुना

मी माती तपासणीच्या कामात आहे. पीएच हा याच जातीचा लॉग आहे. हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाच्या दहाच्या लॉगला ऋण चिन्ह लावतात, म्हणजेच एक दशांश बेसचा लॉग. त्यामुळे "पीएच 6 पेक्षा जास्त" लिहिलं की आयनांचं प्रमाण 10^(−6) पेक्षा कमी. आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीचा पीएच सहसा सातच्या वर येतो आणि शेतकरी हमखास विचारतात, "आकडा मोठा म्हणजे आम्ल जास्त ना?" उलटं असतं. भाचीला रसायनशास्त्रात हे रोज भेटत असेल, पण गणिताच्या तासाला त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

चोपडेकर_मावशी

ट्रॅक्टर पटला! आता दुसरं गणित बघा कुणीतरी. तिथे तिने एकदाच फिरवलंय, मी तपासलं. log_0.5 उचलला, −1 च्या जागी (0.5)^(−1) म्हणजे 2 आलं, चिन्ह फिरलं, x² − 5x + 6 ≤ 2. म्हणजे x² − 5x + 4 ≤ 0, म्हणजे 1 ते 4. यात खोट दिसत नाही.

शहाद्याची_शमा

मावशी, मी अकरावी-बारावीला शिकवते. x = 2.5 टाकून बघायला सांगा. 6.25 − 12.5 + 6 = −0.25. ऋण संख्येचा लॉग नाही. मग 2.5 उत्तरात कसं राहील?

लॉगच्या आतली राशी धन हवी, ही अट वेगळी लिहायला पाहिजे होती: 0 < x² − 5x + 6 ≤ 2. डावीकडच्या अटीतून (x − 2)(x − 3) > 0, म्हणजे x दोनपेक्षा लहान किंवा तीनपेक्षा मोठा. 1 ते 4 मधून 2 ते 3 कापा. उरतं 1 ≤ x < 2 किंवा 3 < x ≤ 4. दोन आणि तीन स्वतः बाहेर, कारण तिथे आत शून्य येतं. एक आणि चार आत, कारण तिथे राशी बरोबर 2 आणि लॉग बरोबर −1.

मुलांची गोची कुठे होते ते सांगते. समजा हेच log_2(x² − 5x + 6) ≥ 1 असतं. लॉग उचलला की x² − 5x + 6 ≥ 2. राशी दोनपेक्षा मोठी म्हटल्यावर ती धन आहे हे आपोआप आलं. अट लिहिली नाही तरी उत्तर बरोबर येतं. अशी दहा गणितं सुटली की मुलांना वाटतं अट ही नुसती शोभेची ओळ आहे. बेस 0.5 झाला की चिन्ह फिरून "दोनपेक्षा लहान" होतं, आणि दोनपेक्षा लहान म्हणजे शून्याच्या खालीही कितीही. तिथे ती अट अचानक उत्तर कापते. दोष लहान बेसचा नाही बरं. log_2(...) ≤ 1 मध्येही असंच होईल. लॉग उचलल्यावर जर "पेक्षा लहान" उरलं, तर डाव्या बाजूला "0 <" लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढं मी वर्गात सांगते.

घाताच्या असमानतेत मात्र ही भानगड नाही. ट्रॅक्टरच्या गणितात n च्या जागी कुठलीही वास्तव संख्या चालली असती. वर्षं मोजायची म्हणून आपण 6.76 चे 7 केले, तेवढंच.

अमळनेरचे_मास्तर

छान मांडलंत. मी तर एकापेक्षा लहान बेस ठेवूच देत नसे. (0.85)^n < 1/3 दिसलं की दोन्ही बाजू उलट्या करा: (1/0.85)^n > 3. दोन्ही बाजू धन आहेत, त्यामुळे उलट्या करताना चिन्ह एकदाच फिरतं, डोळ्यांसमोर फिरतं. पुढे log 3 भागिले log(1.1765), दोन्ही धन, बार नाही की काही नाही. 0.5 बेसच्या लॉगलाही तेच: log_0.5 म्हणजे −log_2. ऋण चिन्ह बाहेर आलं की पोरं चुकत नाहीत.

शहाद्याची_शमा

सर, आदर ठेवून सांगते, मला हे पटत नाही. सगळं मोठ्या बेसवर आणून दिलं की मुलांना घटतं फल कधी दिसतच नाही. मग बेसच्या जागी x आला की हातपाय गळतात. उदाहरणार्थ log_x(2x − 3/4) > 2. आता कशाच्या उलट करणार?

अमळनेरचे_मास्तर

दोन भाग पाडणार. x > 1 असेल तर आणि x शून्य ते एक असेल तर. त्यात काय.

भाची_स्वतः

नमस्कार, मीच ती. मावशीच्या फोनवर नाही, माझ्या नावाने आलेय. हे मी सोडवलं. x > 1 धरून 2x − 3/4 > x², म्हणजे (x − 1/2)(x − 3/2) < 0, म्हणजे 1 < x < 3/2. दुसऱ्या भागात चिन्ह फिरवून x < 1/2 किंवा x > 3/2. पण x एकापेक्षा लहान आहे, म्हणून x < 1/2. आणि इथे "पेक्षा लहान" उरलं म्हणून 2x − 3/4 > 0 लिहिलं, म्हणजे x > 3/8. उत्तर: 3/8 ते 1/2 आणि 1 ते 3/2. टोकं एकही नाहीत. x = 0.4 टाकून बघितलं, आत 0.05 आलं. 0.4 चा वर्ग 0.16. 0.05 त्याहून लहान, म्हणजे घात दोनपेक्षा जास्त. बरोबर ना?

शहाद्याची_शमा

अगदी बरोबर. आणि पडताळणी लॉग न काढता केलीस, ते जास्त आवडलं.

पुण्यातला_भडगावकर

दोन भाग पाडायचीही गरज नाही. log_x A > log_x B म्हणजे (x − 1)(A − B) > 0, अट एवढीच की A, B, x धन आणि x ≠ 1. बेस मोठा असेल तर पहिला कंस धन, लहान असेल तर ऋण. चिन्ह फिरायचं काम तो कंसच करतो. इथे A = 2x − 3/4, B = x². मिळतं (x − 1)(x − 1/2)(x − 3/2) < 0. संख्यारेषेवर तीन बिंदू मांडा, x > 3/8 लावा, वर आलंय तेच उत्तर. स्पर्धा परीक्षेत अर्धा मिनिट.

शहाद्याची_शमा

बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात. (x − 1) कुठून आला ते न लिहिणाऱ्याचे गुण मी तरी कापते. सूत्र खरं आहे, पण ते वापरून x > 3/8 विसरणारी मुलं मी जास्त बघितलीत. सूत्राने चिन्ह सांभाळलं जातं, अट नाही सांभाळली जात.

पुण्यातला_भडगावकर

अट विसरणारा दोन भाग पाडूनही विसरतो, मॅडम.

लास्ट_बेंच_साक्री

आता माझा प्रश्न. x^(x² − 5x + 6) > 1 सोडवा. भडगावकरांच्या सूत्राने (x − 1)(x − 2)(x − 3) > 0, x धन, म्हणून 1 ते 2 आणि 3 च्या पुढे. पण x = −2 टाका. घात 4 + 10 + 6 = 20. उणे दोनचा विसावा घात दहा लाखांच्या वर. एकापेक्षा मोठा आहे का नाही?

पुण्यातला_भडगावकर

आहे. पण बेस चल असला की तो धन धरायचा हा संकेत आहे.

लास्ट_बेंच_साक्री

प्रश्नात कुठे लिहिलंय? x = −3 ला घात 30, तोही सम. कुठलाही पूर्णांक घ्या, (x − 2) आणि (x − 3) लागोपाठचे, एक तरी सम असणारच. म्हणजे −2 पासून खालचे सगळे पूर्णांक उत्तरात आले पाहिजेत.

अमळनेरचे_मास्तर

−2 आणि −3 च्या मधे काय करणार? −2.5 ला घात 24.75 येतो, आणि ऋण संख्येचा तसला घात वास्तव संख्येत नाही. मधे मधे तुटलेलं फल घेऊन असमानता सोडवत नाहीत.

लास्ट_बेंच_साक्री

सोडवत नाहीत की सोडवता येत नाही, सर?

शहाद्याची_शमा

मी माझ्या वर्गात x > 0 लिहूनच प्रश्न देते. न लिहिता दिलेले पेपरही बघितलेत, आणि त्यांच्या उत्तरपत्रिकेत हे ऋण पूर्णांक कधी धरलेले असतात, कधी नसतात.

भाची_स्वतः

मग परीक्षेत काय लिहू?

पुण्यातला_भडगावकर

"x > 0 धरून" ही पहिली ओळ लिही आणि पुढे जा.

लास्ट_बेंच_साक्री

आणि पर्यायांमध्ये −2 वाला पर्याय दिसला तर मास्तरांना फोन कर.